हदीसची सनद आणि आधुनिक संशय: ‘हेतूच्या हदीस’च्या आधारे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सनद म्हणजे काय, आणि या पानावर एकच हदीस का घेतली आहे?

हदीस म्हणजे पैगंबर मुहम्मद यांचं बोलणं किंवा वागणं सांगणारं कथन. प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात. एक मजकूर, ज्याला मतन म्हणतात. दुसरा, तो मजकूर कोणी कोणाकडून ऐकला हे सांगणारी नावांची साखळी, म्हणजे सनद किंवा इस्नाद. साखळीतल्या प्रत्येक माणसाला रावी म्हणतात आणि हा सगळा व्यवहार तपासणाऱ्या विद्वानाला मुहद्दिस.

व्याख्या पाठ करून हा विषय समजत नाही. विद्यार्थी पन्नास संज्ञा लिहितात, पण समोर एक सनद ठेवली की गोंधळतात. म्हणून इथे एकाच हदीसचा माग शेवटपर्यंत काढला आहे. इमाम बुखारींच्या संग्रहाची सुरुवातच तिने होते. तिचा आशय असा: कृती हेतूंवर अवलंबून असतात आणि प्रत्येकाला त्याच्या हेतूप्रमाणेच मिळतं, ज्याचं स्थलांतर ऐहिक लाभासाठी किंवा एखाद्या स्त्रीशी लग्न करण्यासाठी असेल, त्याचं स्थलांतर त्याच गोष्टीसाठी धरलं जाईल. मुस्लिम परंपरेत इतकी सर्वमान्य हदीस क्वचितच सापडेल. तरी संशयवादी अभ्यासकांना जी रचना सर्वात जास्त खटकते, नेमकी तीच या हदीसच्या सनदेत आहे. दोन्ही बाजू शिकायला म्हणूनच ती सोयीची.

या हदीसची सनद नेमकी कशी आहे?

बुखारींपासून मागे जाऊ. बुखारींनी ही हदीस मक्केच्या हुमैदींकडून ऐकली. हुमैदींनी सुफयान बिन उयैना यांच्याकडून, सुफयाननी मदिनेच्या यह्या बिन सईद अन्सारींकडून, यह्यांनी मुहम्मद बिन इब्राहीम तैमींकडून, त्यांनी अल्कमा बिन वक्कास लैसींकडून, आणि अल्कमांनी दुसरे खलिफा उमर बिन खत्ताब यांच्याकडून. उमर मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाच्या चौथऱ्यावरून, बोलत होते आणि आपण हे पैगंबरांकडून ऐकल्याचं त्यांनी सांगितलं, असं अल्कमा म्हणतात.

आता वर्षं लावून पाहा. उमर हिजरी सन, म्हणजे हि., 23 (इ.स. 644) मध्ये मारले गेले. अल्कमांचा मृत्यू उमय्या खलिफा अब्दुल मलिकच्या काळात, म्हणजे इ.स. 685 ते 705 च्या दरम्यान. मुहम्मद बिन इब्राहीम हि. 120 च्या सुमारास वारले, यह्या हि. 143 (इ.स. 760) मध्ये. सुफयान हि. 107 ते 198 पर्यंत जगले, हुमैदी हि. 219 मध्ये गेले. बुखारींचा जन्म हि. 194 चा आणि मृत्यू हि. 256 (इ.स. 870) चा. सुफयान वारले तेव्हा बुखारी चार वर्षांचे होते, त्यामुळे ते थेट सुफयानचं नाव घेऊच शकत नव्हते. मध्ये हुमैदी हवेतच. हुमैदी वारले तेव्हा मात्र बुखारी पंचवीस वर्षांचे होते. दोन शेजारच्या रावींची आयुष्यं एकमेकांत शिरतात का, हा पहिला आणि सर्वात कोरडा तपास. ही साखळी त्यात टिकते.

मुहद्दिस सनद ‘सहीह’, म्हणजे निर्दोष आणि भरवशाची, कधी म्हणतात?

पाच अटी सांगितल्या जातात. साखळी कुठेही तुटलेली नसावी. प्रत्येक रावी सचोटीचा असावा. प्रत्येकाची स्मरणशक्ती किंवा लेखी टिपणं भरवशाची असावीत. मजकूर अधिक भरवशाच्या रावींच्या विरोधात जाणारा नसावा. आणि आत कुठे छुपा दोष, म्हणजे इल्लत, नसावा. पहिल्या तीन अटी एकट्या साखळीकडे पाहून तपासता येतात. शेवटच्या दोन त्या हदीसच्या इतर सगळ्या साखळ्या शेजारी ठेवल्याशिवाय तपासताच येत नाहीत. अभ्यासक्रमात पहिल्या तीन अटींवर भर असतो, म्हणून विद्यार्थ्यांना वाटतं की मुहद्दिसांचं काम नावं शोधण्याचं होतं. त्यांचं खरं काम तुलना करण्याचं होतं.

‘हद्दसना’ आणि ‘अन’ यांत एवढा फरक का करतात?

‘हद्दसना’ म्हणजे ‘त्याने आम्हांला सांगितलं’. ‘अन’ म्हणजे नुसतं ‘अमक्याकडून’. पहिल्यात समोरासमोर ऐकल्याचा स्पष्ट दावा आहे, दुसऱ्यात नाही. काही रावी आपल्या उस्तादाचं नाव ‘अन’ लावून घेत आणि मधला माणूस गाळत. याला तदलीस म्हणतात. आपल्या साखळीतले सुफयान बिन उयैना यांच्याबद्दलही तसा उल्लेख आहे, पण ते भरवशाच्याच माणसाला गाळत, असं सांगून टीकाकारांनी त्यांना स्वीकारलं. बुखारींच्या प्रचलित पाठात या हदीसच्या प्रत्येक टप्प्यावर ‘सांगितलं’, ‘कळवलं’ किंवा ‘मी ऐकलं’ असे स्पष्ट शब्द येतात. ‘अन’वर प्रश्न विचारायची वेळच येत नाही.

रावी भरवशाचा आहे हे कळायचं कसं? लोकांनी चांगलं म्हटलं म्हणून?

चारित्र्याविषयी लोकांचं मत महत्त्वाचं होतंच, पण अचूकता त्यावरून ठरत नसे. ती त्याच्या कथनांची इतरांशी तुलना करून ठरे.

यह्या बिन मईन (मृत्यू हि. 233) यांची एक हकीकत इब्न हिब्बान यांनी नोंदवली आहे. बसऱ्याच्या हम्माद बिन सलमा यांची टिपणं ऐकायला इब्न मईन त्यांच्या एका शिष्याकडे गेले. त्याने विचारलं, ‘ही टिपणं तुम्ही आधी कोणाकडून ऐकली नाहीत?’ ऐकली होती, सतरा जणांकडून. अठरावा माणूस कशाला हवा, यावर त्यांचं उत्तर असं होतं: हम्माद कधीकधी चुकतात, आणि मला त्यांची चूक त्यांच्या शिष्यांच्या चुकीपासून वेगळी काढायची आहे. सगळे शिष्य एकच चूक सांगत असतील तर ती हम्मादची. सगळे एक सांगतात आणि एकटा वेगळं सांगतो, तर ती त्या एकट्याची.

हा परिच्छेद पुन्हा वाचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात जी पद्धत नवी म्हणून पुढे आली, तिचा गाभा इथे नवव्या शतकातल्या इराकमध्ये आहे. फरक पुढे येईल.

इल्लत म्हणजे छुपा दोष. तो प्रत्यक्ष कसा सापडतो?

आपल्याच हदीसचं उदाहरण घेऊ. मदिनेचे इमाम मालिक (मृत्यू हि. 179) यांनीही ती यह्या बिन सईदकडून ऐकली होती, आणि मालिकचे शिष्य तीच साखळी सांगतात. पण अब्दुल मजीद बिन अबू रव्वाद नावाचा एक शिष्य वेगळीच साखळी देतो: मालिक, मग जैद बिन अस्लम, मग अता बिन यसार, मग सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, अबू सईद खुदरी, मग पैगंबर.

वरवर पाहता या साखळीत खोट काढायला जागा नाही. सगळी नावं मोठी, सगळ्यांच्या गाठीभेटी शक्य. नवख्या माणसाला तर आनंदच होईल की उमरशिवाय आणखी एका सहाबीकडून हीच हदीस मिळाली. पण अबू हातिम राजी (मृत्यू हि. 277) यांनी ती निराधार ठरवली. मालिककडे ही हदीस यह्या बिन सईदकडूनच आली होती, असं त्यांनी सांगितलं. अब्दुल मजीद एकटा पडतो, आणि त्याची चूक कशी झाली असेल हेही कळतं. मालिक, जैद, अता, अबू सईद ही मालिकची नेहमीची, जिभेवर बसलेली साखळी. स्मरण डगमगलं की माणूस अपरिचित साखळीकडून परिचित साखळीकडे घसरतो, उलटा घसरत नाही. म्हणून दोन कथनांत विरोध असला आणि एकात अडनिडी साखळी, दुसऱ्यात सरावाची साखळी असली, तर टीकाकार बहुधा अडनिडी खरी मानत.

हे उदाहरण लक्षात ठेवा. संशयवाद्यांकडे वळलं की ते पुन्हा लागेल.

ही हदीस सुरुवातीच्या पिढ्यांत एकेका माणसावरच टेकलेली आहे, हे मुस्लिम विद्वानांना माहीत नव्हतं का?

पूर्ण माहीत होतं. उमरकडून फक्त अल्कमा, अल्कमांकडून फक्त मुहम्मद बिन इब्राहीम, त्यांच्याकडून फक्त यह्या, आणि यह्यांपासून पुढे एकदम असंख्य फाटे, ही रचना त्यांनीच नोंदवली. अशा एकेरी हदीसला अरबीत ‘गरीब’, म्हणजे अनोळखी, म्हणतात, आणि ही हदीस वरच्या टोकाला गरीब आणि खालच्या टोकाला प्रसिद्ध आहे, असं ते सांगत. अडचणही त्यांनीच मांडली: उमरनी मिंबरवरून, भरल्या मशिदीत सांगितलेली गोष्ट एकट्या अल्कमांनीच पुढे कशी सांगितली?

खालच्या टोकाला किती फाटे, यावरही त्यांच्यात चर्चा झाली. यह्यांकडून सातशे लोकांनी ही हदीस घेतली, असं विधान फिरत होतं. कैरोचे इब्न हजर (मृत्यू हि. 852) यांनी त्यावर शंका घेतली. आपण शिकायला लागल्यापासून तिच्या साखळ्या गोळा करत आहोत, पण शंभराचा आकडाही भरत नाही, असं त्यांनी लिहिलं. स्वतःच्या परंपरेला अनुकूल असलेला आकडा असा खाली आणायला प्रामाणिकपणा लागतो.

एवढं करून त्यांनी ती सहीह का ठरवली? कारण त्यांच्या मते साखळीतल्या प्रत्येकाची अचूकता त्याच्या इतर शेकडो कथनांवरून सिद्ध झाली होती. अशा माणसाची एकट्याची साक्ष त्यांना पुरेशी होती.

मग आधुनिक संशय नेमका कशावर आहे?

सुरुवात सहसा हंगेरीचे इग्नात्स गोल्डत्सिहर यांच्यापासून सांगतात. 1890 मध्ये त्यांनी मांडलं की हदीसमध्ये पहिल्या दोन शतकांतले राजकीय, धार्मिक आणि कायदेशीर वाद उमटलेले दिसतात. त्यामुळे त्या पैगंबरांच्या काळाविषयी सांगतात त्यापेक्षा नंतरच्या समाजाविषयी जास्त सांगतात. योजेफ शाख्त यांनी 1950 मध्ये हा विचार कायदेशीर हदीसना लावला आणि पुढे नेला. त्यांच्या मांडणीत सनदी मागे मागे वाढत गेल्या: आधी एखादं मत कायदेपंडिताचं म्हणून फिरे, मग ते एखाद्या ताबईच्या, म्हणजे सहाबींनंतरच्या पिढीतल्या माणसाच्या, नावावर जाई, मग सहाबीच्या, आणि शेवटी पैगंबरांच्या. म्हणून सनद जितकी निर्दोष, तितकी ती उशिराची असण्याची शक्यता जास्त.

दोघांच्या मुळाशी असलेला प्रश्न समजून घ्या. मुहद्दिस रावींची पारख त्यांच्या कथनांवरून आणि चरित्रनोंदींवरून करतात. पण त्या नोंदी आणि ती कथनं आपल्याला मिळतात ती तिसऱ्या हिजरी शतकातल्या पुस्तकांतून. पहिल्या शतकातली साखळी तपासायला पहिल्या शतकातला स्वतंत्र पुरावा जवळपास नाही. अल्कमा अचूक होते की नाही हे ठरवण्याइतकी त्यांची कथनं, स्वतंत्र मार्गांनी, आपल्यापर्यंत आली आहेत का? हा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो, आणि ‘प्राच्यविद्यावाल्यांचा पूर्वग्रह’ म्हणून तो बाजूला सारणाऱ्या उत्तराला मी चांगले गुण देणार नाही.

‘सामाईक दुवा’ म्हणजे काय, आणि आपल्या हदीसमध्ये तो कोणता?

एका हदीसच्या उपलब्ध सगळ्या सनदी कागदावर झाडासारख्या काढल्या की बहुतेकदा एक नाव असं सापडतं, जिथे सगळ्या फांद्या मिळतात आणि तिथून मागे एकच सरळ रेघ जाते. शाख्तनी या नावाला महत्त्व दिलं आणि डच अभ्यासक यौनबोल यांनी त्यावर आपली पद्धतच उभारली. आपल्या हदीसमध्ये ते नाव अर्थातच यह्या बिन सईद.

शाख्तचा निष्कर्ष असा: हदीस सामाईक दुव्याच्या काळात, त्याने किंवा त्याचं नाव वापरणाऱ्या कोणी, प्रचारात आणली, मागची एकेरी रेघ तिला पैगंबरांपर्यंत पोचवण्यासाठी जोडली. आपल्या हदीसपुरतं हे पटण्यासारखं वाटतं. यह्या काझी होते, आधी मदिनेत, नंतर अब्बासी खलिफा मन्सूरच्या काळात इराकमध्ये, आणि तिथेच ते वारले. कायदा चालवणाऱ्या माणसाला हेतूविषयीचं असं सूत्र उपयोगी पडणारच. बसऱ्याचे हम्माद बिन जैद आणि कूफ्याचे सुफयान सौरी यांच्यासारख्या इराकी नावांच्या फांद्या त्यांच्यापासून फुटतात, हेही त्यांच्या आयुष्याशी जुळतं.

यावर मोत्स्कींचं उत्तर काय?

जर्मन अभ्यासक हाराल्ड मोत्स्की यांनी एक साधा प्रश्न विचारला: सामाईक दुवा म्हणजे बनावट करणारा, हे कशावरून? दुसऱ्या हिजरी शतकाच्या पूर्वार्धात कथनं पद्धतशीर गोळा करून वर्गात शिकवणारी पहिली मोठी पिढी उभी राहिली. अशा शिक्षकाकडे पन्नास विद्यार्थी बसतात, म्हणून त्याच्यापासून पन्नास फाटे फुटतात. तो स्वतः मात्र आपल्या उस्तादाचं एकच नाव सांगतो, कारण त्या काळी एका कथनाचे सगळे मार्ग गोळा करून सांगायची रीत नव्हती. म्हणजे एकेरी रेघ हा बनावटीचा पुरावा ठरत नाही. ती शिक्षणाच्या पद्धतीचाही परिणाम असू शकते.

मला हे स्पष्टीकरण शाख्तच्या स्पष्टीकरणापेक्षा जास्त पटतं. पण त्याची मर्यादा उघड आहे. यह्यांनी मुहम्मद बिन इब्राहीमकडून ऐकलं असणं त्यामुळे शक्य ठरतं. ते सिद्ध होत नाही.

एखाद्या जुन्या पुस्तकात हदीस नाही, म्हणजे ती तेव्हा नव्हतीच, हा युक्तिवाद चालतो का?

शाख्तनी तो बराच वापरला. वादात उपयोगी पडली असती अशी हदीस त्या वादातल्या पुस्तकात नसेल, तर ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती, असं ते धरत. आपल्या हदीसवर हा युक्तिवाद लावून पाहा, धोका लगेच कळेल.

मालिकचं मुवत्ता हे हदीस आणि कायद्याचं पुस्तक आज बहुतेक ठिकाणी वाचलं जातं ते अंदलुसच्या, म्हणजे मुस्लिम स्पेनच्या, यह्या बिन यह्या लैसी यांच्या प्रतीतून. त्यात ही हदीस नाही. तेवढ्यावरून कोणी म्हणेल की मालिकना ती ठाऊक नव्हती. पण मालिकचे दुसरे शिष्य मुहम्मद शैबानी (मृत्यू हि. 189) यांच्या मुवत्ताच्या प्रतीत ती आहे. खुद्द इब्न हजर यांनी ही हदीस मुवत्तात असल्याचं म्हणणाऱ्याला चुकीचं ठरवलं होतं, आणि नंतर सुयूतींनी शैबानींची प्रत दाखवून ते दुरुस्त केलं. इतका जाणकार माणूस एका पुस्तकाच्या एका प्रतीवर विसंबून चुकू शकतो, तर हरवलेल्या शेकडो पुस्तकांच्या मौनावरून निष्कर्ष काढताना किती जपायला हवं!

विद्यार्थ्यांनी एकमेकांकडून ऐकून उस्तादाचं नाव लावलं असेल तर? मग सामाईक दुवाही खोटाच, नाही का?

हा आक्षेप मायकेल कुक यांनी जोरकसपणे मांडला. ‘अ’ने उस्तादाकडून ऐकलं, ‘ब’ने ‘अ’कडून, पण ‘ब’ने ‘अ’ला गाळून थेट उस्तादाचं नाव घेतलं. कागदावर उस्तादाला दोन शिष्य दिसतील, प्रत्यक्षात एकच. किंवा कोणी त्याच मजकुराला नवी साखळीच जोडेल. अब्दुल मजीदच्या साखळीकडे पाहा: परिणाम हाच, एका सहाबीचे दोन सहाबी. मुहद्दिसांना अशा गोष्टी घडतात हे ठाऊक होतं आणि त्यांच्याकडे त्यासाठी नावं होती. मतभेद इतकाच की मुहद्दिस म्हणतात आम्ही अशी प्रकरणं पकडली, आणि कुक विचारतात, न पकडलेली किती असतील?

मग सनदी आणि मजकूर एकत्र तपासण्याची पद्धत यातून बाहेर कशी काढते?

मोत्स्की आणि ग्रेगोर शोलर यांनी 1990 च्या दशकात ही पद्धत घडवली. तर्क असा. दोन शिष्यांनी खरोखर वेगवेगळं ऐकलं असेल तर मजकूर आशयाने सारखा आणि शब्दांत थोडा वेगळा असेल. एकाने दुसऱ्याचा मजकूर उचलून फक्त सनद बदलली असेल तर मजकूर फारच सारखा निघेल. शिवाय एकाच शिष्याकडून आलेले मजकूर एकमेकांना जास्त जवळचे असायला हवेत. म्हणजे शब्दांची झाडं आणि सनदींची झाडं स्वतंत्रपणे काढायची आणि ती जुळतात का ते पाहायचं.

बुखारींच्या एकाच संग्रहात आपली हदीस सात ठिकाणी आहे, त्यामुळे हे हाताने करून पाहता येतं. हुमैदींच्या मार्गाने ‘कृती’ आणि ‘हेतू’ दोन्ही अनेकवचनी आहेत. मालिकच्या मार्गाने ‘हेतू’ एकवचनी होतो. पण मालिकच्या दोन शिष्यांत फरक आहे: कअनबी ‘कृती’ अनेकवचनी ठेवतात, यह्या बिन कजआ ‘कृती’ही एकवचनी करतात. हम्माद बिन जैद यांच्या मार्गाने आणखी मोठा फरक दिसतो. त्यांचे शिष्य मुसद्दद ऐहिक लाभासाठीचं स्थलांतर आधी सांगतात आणि अल्लाह व पैगंबरांसाठीचं नंतर, आणि ‘प्रत्येकाला त्याच्या हेतूप्रमाणे’ हे वाक्य त्यांच्याकडे नाही. हम्मादचे दुसरे शिष्य अबू नुअमान ‘लोकहो’ अशी हाक सुरुवातीला घालतात, ते वाक्य ठेवतात आणि क्रम उलटा म्हणजे नेहमीचा देतात.

यातून काय कळतं? फरक शिष्यांच्या पातळीवर पडले आहेत आणि गाभा सगळीकडे एकच आहे: हेतू, स्थलांतर, ऐहिक लाभ, स्त्री. कोणी एकाने लिहून सगळ्यांना वाटलेला मजकूर असा डगमगत नाही. तोंडी ऐकलेला आणि आठवणीतून सांगितलेला असाच डगमगतो. त्यामुळे यह्या बिन सईद ही हदीस शिकवत होते, असं मोठ्या विश्वासाने म्हणता येतं. म्हणजे ती इ.स. 760 पूर्वीची, बुखारींच्या मृत्यूच्या निदान 110 वर्षं आधीची. बुखारींच्या पिढीने ती रचली, ही शक्यता इथे संपते.

यह्यांच्या मागे मात्र तुलना करायला दुसरी फांदीच नाही, आणि फांदी नसेल तर पद्धत तिथे थांबते. इब्न मईन यांच्याशी फरक इथेच. त्यांना हवा होता चुकणारा माणूस, आणि साखळीच्या सुरुवातीविषयी त्यांना मूलभूत शंका नव्हती. मोत्स्कींना हवी होती तारीख, आणि ती त्यांना तुलनेतूनच काढायची होती.

लेखी पुरावा नाही का? हम्माम बिन मुनब्बिह यांच्या सहीफ्याचं काय?

हम्माम हे सहाबी अबू हुरैरा यांचे येमेनी शिष्य. त्यांचा सुमारे 138 हदीसचा छोटा संग्रह हैदराबादचे मुहम्मद हमीदुल्लाह यांनी बर्लिन आणि दमास्कसच्या हस्तलिखितांवरून 1953 मध्ये प्रसिद्ध केला. तोच संग्रह अहमद बिन हंबल यांच्या मुसनद या मोठ्या हदीससंग्रहातही सलग सापडतो आणि दोन्हींतले शब्द विलक्षण जुळतात.

याचा उपयोग मोठा आहे, पण कशासाठी ते नीट सांगायला हवं. हस्तलिखितं हम्मामच्या हातची नाहीत. दोन्हीकडचा मजकूर येतो तो येमेनचे अब्दुर रज्जाक (मृत्यू हि. 211), मअमर आणि मग हम्माम, याच मार्गाने. म्हणून अब्दुर रज्जाकच्या वर्गातून मजकूर जसाच्या तसा पुढे गेला, हे पक्कं सिद्ध होतं. हम्माम ते अबू हुरैरा हा टप्पा त्याने सिद्ध होत नाही. आझमगढकडच्या मऊ गावचे मुहम्मद मुस्तफा आझमी यांनी केंब्रिजमध्ये 1966 मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधात सुरुवातीच्या लेखनाच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर गोळा केल्या आणि पुढे शाख्तवर पुस्तकभर टीका केली. ‘हदीस दोनशे वर्षं फक्त तोंडी होत्या’ हे विधान त्यामुळे आता कोणी जबाबदारीने करत नाही. पण त्या नोंदीही नंतरच्या पुस्तकांत आहेत, हा संशयवाद्यांचा प्रतिप्रश्न उभा राहतोच.

सहीह म्हणजे शंभर टक्के खात्रीची, असंच परंपरा मानते ना?

त्यावर परंपरेतच दोन मतं आहेत. इब्न सलाह (मृत्यू हि. 643) यांच्या मते बुखारी आणि इमाम मुस्लिम यांच्या संग्रहांतल्या हदीस, समाजाने त्या स्वीकारल्यामुळे, निश्चित ज्ञान देतात. नववी (मृत्यू हि. 676) यांनी ते मान्य केलं नाही, बहुसंख्य विद्वानांच्या मते एकेरी कथनातून प्रबळ शक्यता मिळते, आणि आचरणासाठी ती पुरते, असं त्यांनी सांगितलं. ‘सहीह’ आणि ‘इतिहास म्हणून सिद्ध’ हे दोन वेगळे निकाल आहेत, हे समजायला नववी पुरेसे आहेत. एकावरून दुसरा काढू नका, कोणत्याच दिशेने.

मुहद्दिस फक्त नावं पाहत, मजकुराकडे लक्ष देत नसत, हे खरं का?

नाही. विरोधी मजकूर आणि छुपा दोष या दोन्ही अटी मजकूर पाहिल्याशिवाय लागूच होत नाहीत. पण मजकूर खटकला तरी ते निकाल बहुधा सनदेच्या भाषेत लिहीत: ‘अमका इथे एकटा आहे’, ‘अमक्याचं हे कथन ओळखीचं नाही’. नुसते निकाल वाचणाऱ्याला म्हणून ते नावांतच अडकलेले वाटतात.

सरावासाठी काय करू?

बुखारींची पहिली हदीस अरबीत समोर ठेवा आणि उरलेली सहा स्थळं तिच्या शेजारी लिहा. एक गोष्ट लगेच डोळ्यात भरेल: ‘ज्याचं स्थलांतर अल्लाह आणि त्याच्या पैगंबरांसाठी, त्याचं स्थलांतर त्यांच्यासाठीच’ हे वाक्य पहिल्या स्थळी नाही. आता स्वतःला विचारा, ते कोणी गाळलं? सुफयान, हुमैदी की बुखारी?

हुमैदींचा स्वतःचा मुसनद उपलब्ध आहे. त्यात हीच हदीस सुफयानकडूनच घेतलेली आहे, आणि हे वाक्य तिथे आहे. म्हणजे सुफयाननी ते सांगितलं होतं आणि हुमैदींनी ते लिहून ठेवलं होतं. उरतात दोन शक्यता: हुमैदींनी बुखारींना सांगताना हदीस आखूड केली, किंवा बुखारींनीच ती ग्रंथाच्या आरंभी जाणूनबुजून आखूड करून ठेवली. भाष्यकारांत दोन्ही बाजूंची मतं आहेत. तुमचं मत लिहा, पण त्याआधी बुखारी इतरत्र हदीस कशा तोडून वापरतात याची चार उदाहरणं गोळा करा.